दहावा महिना

"चोवीस मिनिटांत माणसं सात वेळा हसलीत," बाई म्हणाल्या. "तुझ्या पानावर एकदाही नाही."

कानातला हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवला. बाईंनी आयुष्यभर कोर्टात कन्नड-मराठी दुभाषाचं काम केलं. आता शाहूपुरीतल्या घरी माझ्यासारख्या एकदोघांना शिकवतात. २०१९ च्या महापुरावर अभ्यास करायला केरळहून एक संशोधक मॅडम आल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. प्रयाग चिखलीतल्या वयस्कर माणसांच्या ध्वनिफिती ऐकून प्रत्येकीचा पानभर इंग्रजी गोषवारा द्यायचा, हे माझं पहिलं काम. अकरा झाले होते. हा बारावा, अक्कूआजींचा. लवकर संपावं म्हणून मी तो दीडपट वेगानं ऐकला होता.

मी लिहिलं होतं त्याचा मराठीत अर्थ असा: 'पुरात शेजारची बांधलेली जनावरं बुडून मेली. आजींनी आपली गाभण म्हैस, लक्ष्मी, माडीवर चढवली होती. भाषेच्या अडचणीमुळे बचाव पथकाचा गैरसमज झाला व वैद्यकीय मदत मागवली गेली. त्यात वेळ गेला. जनावरांच्या स्थलांतराची सोय नव्हती.'

"यात चूक काय आहे?" मी विचारलं. खरंच विचारलं, कारण एकही गोष्ट खोटी नव्हती.

"ऐक," बाई म्हणाल्या आणि फीत साध्या वेगानं सुरू केली.

आजींचा आवाज आला. मागं बायकांची कुजबूज, कपबश्यांचा आवाज.

"राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट म्हंजे धोका म्हनत्यात. आमच्या दारात पानी आलं तवा कुनी फूट मोजत न्हवतं. मी काय घाबरलो न्हाई. मालकास्नी म्हनलं, आदी लक्ष्मीला वर घ्या. मालकास्नी ऐकाय येत न्हाई. ते म्हनत्यात, 'पक्ष्याला कुठं वर घेऊ?' (हशा) सोळा पायऱ्या. ती दर पायरीला थांबायची आन माझ्याकडं बघायची. म्हनलं, चल गं बाई, मीबी गुडघं धरूनच चढतोय. मग तिघं जनं माडीवर. दोन दिस. तिसऱ्या दिवशी होडी आली.

"होडीतला पोरगा खालनं वरडला, 'घर में कितने लोग हैं?' म्हनलं, तीन. मी, मालक आनि लक्ष्मी. 'लक्ष्मी को ले आओ.' म्हनलं, वो नहीं आती, पेट से है. त्येचं तोंडच उतरलं. 'कितना महीना?' म्हनलं, दसवा लग्या."

इथं बायका फुटल्या. आजी थांबल्या. नुसत्या थांबल्या. हसणं ओसरायच्या बेतात आलं तेव्हाच पुढं बोलल्या.

"त्यो वायरलेसवर वरडाय लागला, 'दसवां चल रहा है सर, दसवां!' तिकडनं सायब इचारतोय, दसवां कैसे? पोरगा मला इचारतोय, मी म्हनतोय, अरं बाबा, हिचं असंच असतंय, गेल्या खेपंलाबी दहाच महिनं झालं. तासाभरानं दुसरी होडी आली. डॉक्टर आला. एक जन खिडकीतनं आत चढला, हातात पांढरी चादर, डोळं खाली, लाजून. 'माताजी कहां हैं?' म्हनलं, मागच्या खोलीत. त्यो दारात उभा ऱ्हाऊन म्हनतोय, 'माताजी, डरिये मत.' लक्ष्मीनंच वळख दिली. रेकली."

मी हसले. हेच वाक्य मी काल दोन वेळा ऐकून टिपलं होतं, आणि आज पहिल्यांदा हसले.

बाईंनी फीत थांबवली नाही. हसणं निवलं, कुणीतरी खोकलं. मग आजींचा आवाज खाली उतरला.

"शेजारच्या गोठ्यात दावं सोडाय कोन न्हवतं. त्यांचं रेकनं आमास्नी माडीवर ऐकाय यायचं. मग यायचं थांबलं."

पुढं बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज होता.

"हे कितव्या मिनिटाला आलं?" बाईंनी विचारलं.

"एकोणिसाव्या."

"तू कुठं ठेवलंस?"

पहिल्या ओळीत. शिकवलं होतंच तसं, महत्त्वाचं आधी सांगावं. दुसऱ्या ओळीत म्हैस. म्हणजे लक्ष्मी कोण हे त्या जवानाला जे शेवटी कळलं ते माझ्या वाचकाला आधीच कळलं होतं. आणि आजी ज्या जागी एकोणीस मिनिटं चालत आल्या होत्या, तिथं मी त्यांना दारातूनच उचलून नेऊन बसवलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती बाईंनी न सांगताही मला दिसली. मराठी टिपणात मी 'घाबरलो' खोडून 'घाबरले' केलं होतं, 'चढतोय'चं 'चढतेय'. आमच्या घरात आई अजून 'मी आलो' म्हणते. मीही म्हणायचे. पुण्यात शिकायला गेले तेव्हा वर्गात एकदा सगळे हसले, त्यानंतर मी ते सोडलं. इंग्रजीत 'आय'ला स्त्री-पुरुष काही नसतं. मॅडमपर्यंत त्यातलं काहीच पोचणार नव्हतं. तरी मी ते दुरुस्त केलं होतं.

त्या रात्री तीन खर्डे केले. पहिल्यात कंसात 'हशा' लिहिलं. ते वाचून कुणालाही हसू येणार नाही हे लिहितानाच कळत होतं. दुसऱ्यात 'आजी अत्यंत विनोदी ढंगानं सांगतात' असं घातलं, ते त्याहून वाईट. तिसऱ्यात म्हैस हा शब्दच काढला. फक्त लक्ष्मी. सोळा पायऱ्या, होडी, दहावा महिना, चादर. पान दीडपट झालं. तेवढं ठेवायची परवानगी बाईंनी दिली, मात्र म्हणाल्या, "हे मॅडमना पाठवू नकोस. आधी त्यांना घेऊन आजींकडे जा. आजींना वाचून दाखव."

रविवारी गेलो. भोगावतीच्या बाजूला ऊस उभा होता. आजींच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वर पुराची मातकट रेघ अजून होती, रंग देताना मालकांनी तेवढी पट्टी सोडली होती. मॅडमनी माझा जुना गोषवारा वाचलेला. बसल्या बसल्या त्यांनी आजींचा हात हातात घेतला आणि डोळे पुसले.

आजींनी माझ्याकडं पाहिलं. "हिला काय सांगितलंईस गं? माझं कोन मेलं?"

मी नवा कागद पिशवीतून काढला. मग तसाच परत ठेवला.

"आजी, मी चुकलो," मी म्हणाले. तोंडातून तेच आलं. "तुम्ही परत सांगता का? मी शेजारी बसतो. तुम्ही थांबाल तिथं थांबतो."

आजींनी पदर सावरला. मालकांना मोठ्यानं चहाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पाण्याचा तांब्या आणला. आजी म्हणाल्या, "आदी लक्ष्मीला वर घ्या." मी इंग्रजीत सांगितलं. "सोळा पायऱ्या." सोळा पायऱ्या. ती दर पायरीला थांबायची आणि माझ्याकडं बघायची. मॅडमच्या कपाळावर आठी आली. त्यांनी वहीतून मान वर केली. जुन्या पानावरची दुसरी ओळ त्यांना आठवत नसावी, किंवा या आजींची लक्ष्मी आणि त्या कागदावरची गाभण म्हैस एकच, हे त्यांच्या मनात जुळलं नसावं.

"ही लक्ष्मी कोण?" त्यांनी मला हळूच विचारलं. "सून?"

मी आजींना मराठीत सांगितलं, "या विचारताहेत, लक्ष्मी म्हणजे सून का?"

आजींनी एकदा मागच्या दाराकडं पाहिलं. तिथून गवत खाल्ल्याचा आवाज येत होता.

"सांग तिला," त्या म्हणाल्या, "सुनंपेक्षा गुनाची. पन पेट से है."

मी सांगितलं. आणि थांबले.