शनिवारच्या खेळाचे शब्द : इयत्ता दुसरी

मॅडम, मी प्रशिक्षणाला गेले की दोन शनिवार दुसरीचा वर्ग तुमच्याकडे. शेवटच्या तासाला मुलं "शब्द ओळखा" मागतीलच. शब्द खाली लिहून ठेवलेत, आयत्या वेळी सुचवू नका. मी सुचवले होते, एकदा फसले.

फाशीचं चित्र आपण काढत नाही. फळ्यावर दहीहंडीचा थर काढायचा : खाली तीन गोविंदा, वर दोन, त्यावर एक. अक्षर चुकलं की वरून एक पुसायचा. सहा चुका झाल्या की हंडी तशीच लटकलेली. विषय आधी सांगायचा आणि जितकी अक्षरं तितक्या रेघा मारायच्या.

पहिला थर : काना-मात्रा काहीच नाही

प्राणी-पक्षी : बदक, मगर
फळं-भाज्या : फणस, अननस, पडवळ
खाणं-पिणं : वरण, सरबत
शरीर : मनगट
आजूबाजूचं : कमळ, गवत, शहर, सडक

सुरुवात अननसने करा. कुणीतरी न म्हणतंच, दोन रेघा एकदम भरतात आणि वर्ग जागा होतो. "हरण" मुद्दाम वगळलंय, कारण निम्मी मुलं "हरीण" म्हणतात आणि मग वाद.

दोन अक्षरी शब्द सोपे वाटतात, पण तसे नाहीत. मी गेल्या वर्षी "नळ" दिला होता, विषय घरातल्या वस्तू. ळ लगेच मिळाला. मग फ, म, ग, त, ब, ज. सहाही गोविंदा खाली, कारण यातलं कुठलंही अक्षर लावलं तरी शब्द होतोच, आणि विषय या वयात कोण लक्षात ठेवतो! म्हणून घर, बस, नख, रथ हे शब्द यादीत नाहीत.

दुसरा थर : काना, वेलांटी, उकार

इथे रेघेला काना, वेलांटी, उकार आधीच लावून ठेवायचा. मुलांनी फक्त मूळ अक्षर सांगायचं. "बटाटा" असेल तर तीन रेघा, दुसरीला आणि तिसरीला काना. ट म्हटलं की दोन्ही जागा भरल्या, "टा" म्हणायची गरज नाही.

प्राणी-पक्षी : कासव, गाढव, कावळा, चिमणी
फळं-भाज्या : बटाटा, गाजर, गवार, लसूण
घरात : चमचा, परात, दरवाजा, खिडकी, कुलूप
अंगणात : तुळस, गुलाब, पायरी

पायरीला ज्यांची घरं उतारावर आहेत ती मुलं पटकन पोचतात. परात काहींना ऐकून माहीत असते, वापरात नसते. अडली तर "पीठ कशात मळतात?" एवढंच विचारा.

ण आणि न वरून भांडण होणार. "फणस"ला कुणी न म्हणालं तर गोविंदा लगेच पुसू नका. "नळाचा न की बाणाचा ण?" असं विचारा आणि पुन्हा संधी द्या. घरी बोलताना ते न म्हणतात, त्यात मुलाची चूक नाही. श-षचं मात्र सध्या सोडून द्या, षचा एकही शब्द यादीत नाही.

तिसरा थर : मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर

आता रेघा कोऱ्या ठेवा, पण खाली चार गोविंदांची ओळ वाढवा, म्हणजे दहा संधी. अक्षर बरोबर आलं की त्याच्या खुणा तुम्हीच लावायच्या.

फळं-भाज्या : पेरू, भोपळा, मोसंबी, करवंद
खाणं : पुरणपोळी, शेंगदाणा
प्राणी-पक्षी : पोपट, कोंबडी, कुत्रा
शाळेत : दप्तर, पुस्तक, खुर्ची
आकाशात : चांदोबा, सूर्य

"पुरणपोळी"त प दोनदा येतो, त्यामुळे लांब असूनही तो आधी घ्या. "पेरू" दिसायला छोटा, पण या थरात सगळ्यात अवघड तोच.

जोडाक्षराला एकच रेघ. "दप्तर"ला कुणी प म्हणालं तर रेघेवर अर्धा प लिहायचा, "अर्धं घर मिळालं" म्हणायचं. त आला की घर पूर्ण. "सूर्य"ला र म्हटल्यावर मी रेघेच्या वर नुसता रफार काढते. खाली काहीच नाही, वर रफार तरंगतोय, हे पाहून मुलं खूप हसतात. रफार कुठल्या अक्षरावर बसतो हे तेव्हा त्यांना दिसतं, वहीत दहादा लिहून ते दिसत नाही.

खिडकीजवळची ती दोघं शब्द आधीच ओरडून सांगतात. त्यांनाच खडू देऊन गोविंदा पुसायला उभं करा. पुढच्या शनिवारी पहिल्या थरातले वापरलेले शब्द पुन्हा देऊ नका, त्यांच्या लक्षात असतात. उरलेल्यांवर खूण करून यादी कपाटातल्या हजेरीपटात ठेवा.