गुणी

विद्याने आजवर तीन सहकाऱ्यांना जामीन दिला होता, आणि तिन्ही वेळा कर्जाचा आकडा तिने सही केल्यानंतरच नीट वाचला होता. पहिल्या दोघांनी हप्ते वेळेवर फेडले, म्हणून ते प्रकरण कोणाच्या लक्षातही राहिले नाही. तिसरे कदम सर. त्यांनी पाच लाख उचलले, वर्षभर हप्ते भरले, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन मुलाकडे पुण्याला निघून गेले आणि फोन उचलायचे त्यांनी बंद केले. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे पत्र विद्याच्या नावाने विश्रामबागेतल्या तिच्या शाळेत आले, ते शिपायाने शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमक्ष तिच्या हातात ठेवले. थकबाकी तीन लाख चाळीस हजार. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८ अन्वये जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, सबब पुढील महिन्यापासून आपल्या पगारातून कपात करण्यात येईल, असे त्यात छापील शब्दांत लिहिले होते.

आपल्याकडे नोकरदारांच्या कर्जाला जामीन राहणे हा एक प्रकारचा शेजारधर्मच समजला जातो. फॉर्म टेबलावरून टेबलावर फिरतो, आणि सही न करणारा माणूस पुढची दोन वर्षे चहाच्या वेळी एकटा बसतो. त्यामुळे विद्या अडकली याचे कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही. सगळे एवढेच म्हणाले, की विद्याताईंचा स्वभावच तसा, त्यांना नाही म्हणता येत नाही. हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकले होते, की सावळा रंग किंवा उंची सांगावी तसे ते तिला स्वतःचे वर्णन वाटत असे.

रविवारी ती गणपती पेठेत माहेरच्या दुकानात गेली. सुहासकडून, म्हणजे धाकट्या भावाकडून, काही रक्कम उसनी मिळेल का हे तिला विचारायचे होते, आणि नवऱ्याला सांगण्याआधी निदान अर्धी सोय झालेली असावी अशी तिची इच्छा होती. दुकान किराण्याचे, घाऊक आणि किरकोळ दोन्ही. २०१९ च्या पुरानंतर सुहासने सगळा खालचा माल उंच मांडणीवर चढवला होता, तरी भिंतीवरची पाण्याची रेघ तीनदा रंग देऊनही अजून पुसट दिसत होती. अण्णा आता फक्त संध्याकाळी तासदोन तास गल्ल्यावर बसत. दत्तूकाकांनी तर तोलणे-बांधणे कधीच सोडले होते. पण खणभागातल्या घरी त्यांचे मन रमत नसे, म्हणून रोज येऊन ते हळदीच्या पोत्याला टेकून बसत आणि आल्या-गेल्याची चौकशी करीत.

सुहासने पत्र वाचले, घडी घातली आणि परत दिले.

"ताई, तुला नाही म्हणायला कधीच जमलं नाही बघ. लहानपणापासून."

"स्वभाव," ती म्हणाली.

दत्तूकाका हसले. त्या हसण्यात चेष्टा नव्हती. जुन्या दिवसांची एखादी गंमत आठवावी तसे ते हसले. "स्वभाव कसला, पोरी? ते आमचंच काम. मालकांचा पारा चढला, की आम्ही तुलाच पुढं काढायचो की."

"म्हणजे?"

"आता काय सांगू! एखादा उधारीवाला फिरकला नाही, न्हाईतर वरचा व्यापारी तगादा लावून गेला, की मालक चष्मा काढून गल्ल्यावर ठेवायचे. चष्मा निघाला, की मी न् तो सोलापूरचा पोऱ्या, आम्ही माल मोजायला म्हणून मागं सरकायचो. मागनं वैनी तुला हाक मारायच्या, जा गं माझी गुणी, अण्णांना ताक दे. तू ताक घेऊन यायचीस, काहीतरी शाळेतलं सांगायचीस, पाढे म्हणायचीस. दहा मिनिटांत मालक थंड. दुसरीत असशील तेव्हा. एवढीशी होतीस."

"आणि मी न् वैनी," काका पुढे म्हणाले, "आम्ही म्हणायचो, ही पोरगी नसती तर या दुकानात नोकर टिकला नसता."

सुहास गल्ल्यातल्या नोटा सरळ करीत होता. मान वर न करता तो म्हणाला, "माझा मारही तूच चुकवायचीस. मला माहीत होतं. म्हणून काही सांडलं-फुटलं, की आधी तुला शोधायचो."

विद्याला हे सगळे आठवत होते, आणि तरीही तिने ते कधी या क्रमाने मांडून पाहिले नव्हते. ताकाचा पितळी पेला तिला आठवत होता, तो दोन्ही हातांनी धरावा लागे. पण तो आपण अण्णांवरच्या मायेने नेत होतो अशी तिची समजूत होती. माया होतीही, हे खोटे नव्हे. मात्र त्याच्या आधी काय होत असे, ते आता तिच्यासमोर एकेक करून येऊ लागले. दुकानाचे शटर सकाळी कसे उघडले जाते ते ती अंथरुणातूनच ऐकत असे. ते एका दमात वर गेले तर दिवस बरा, मध्येच थांबून पुन्हा जोराने ढकलले गेले तर शाळेला निघण्यापूर्वी दुकानातून एक फेरी मारायची. अण्णा तराजूचे पारडे पुसत असले तर बोलायला हरकत नाही, आणि चष्मा गल्ल्यावर असला तर आधी हसायचे, मग विचार करायचा. एकदा त्यांनी अर्ध्या किलोचे वजन फेकले होते, ते कोणाला लागले नाही, बरणी फुटली. त्या दिवशी ती शाळेतून उशिरा आली होती. आपण उशीर केला म्हणून ते झाले, हा हिशेब सात वर्षांच्या मुलीने कोणालाही न विचारता मांडला, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे तो तिने तपासलाच नाही.

अण्णांची बाजूही इथे सांगायला हवी. ज्यांची उधारी वहीत लाल शाईने तुंबलेली असे, त्यांच्याच समोर हसून साखर तोलावी लागे, आणि ज्यांचे देणे असे ते व्यापारी दुकानात खुर्ची टाकून बसत. त्या दोघांवर ओरडता येत नसे. उरले घर आणि नोकर. हे कळून विद्याचा राग कमी झाला का, तर नाही. पण तो नेमका कोणावर धरावा हे ठरवणे अवघड झाले, कारण आता त्या रागात आईही होती, दत्तूकाकाही होते, आणि तिला ताक देऊन पुढे धाडणारे सगळे प्रेमळ हात होते.

मग तिला कदम सर आठवले. फॉर्म घेऊन ते तिच्या टेबलापाशी आले, मुलीच्या लग्नाचे काहीतरी बोलले आणि बोलता बोलता त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना कदाचित घाम पुसायचा असेल. विद्याने पेन उघडले होते. त्यांनी रक्कम सांगण्याआधीच उघडले होते, हे तिला आता स्पष्ट दिसले.

ती काही बोलणार, इतक्यात अण्णा आले. शहात्तराव्या वर्षीही त्यांचा आवाज आधी दुकानात शिरत असे. त्यांच्या मागोमाग एक गिऱ्हाईक आले, काल नेलेल्या साखरेच्या कट्ट्यात दोन किलो कमी भरली म्हणून तक्रार घेऊन. सुहास समजावू लागला, गिऱ्हाईक तावातावाने बोलू लागले, आणि अण्णांनी चष्मा काढला. गल्ल्याच्या लाकडावर तो ठेवल्याचा बारीकसा आवाज झाला. त्याबरोबर सुहासने आणि दत्तूकाकांनी, दोघांनीही, विद्याकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही, बोलण्याची गरजही नव्हती. ती स्वतः तोवर उठून उभी राहिलेली होती, आणि तिचा एक हात माठावरच्या तांब्याकडे गेलेला होता.

तो हात तिने मागे घेतला आणि ती खाली बसली. बसल्यावर तिच्या गुडघ्यांना कंप सुटला, छाती धडधडू लागली, आणि आपण काहीतरी भयंकर करीत आहोत असे तिला वाटत राहिले. एक्केचाळीस वर्षांच्या, दहावीच्या वर्गाला भूमिती शिकवणाऱ्या बाईला तसे वाटावे हे तिचे तिलाच चमत्कारिक वाटत होते. अण्णा ओरडले. गिऱ्हाईकही ओरडले. सुहासने शेवटी कट्टा काट्यावर ठेवला, तो खरोखरच पावणेदोन किलोने कमी भरला, आणि अण्णा पुटपुटत गप्प झाले. सुहासने कमी भरलेली साखर घालून दिली. सगळे मिळून पाच मिनिटेही झाली नसतील.

"पाणी दे गं," अण्णा म्हणाले.

"माठ तिथंच आहे, अण्णा."

अण्णांनी तिच्याकडे पाहिले. मग ते उठले, पाणी प्याले, आणि परत येऊन बसल्यावर त्यांचे लक्ष तिच्या मांडीवरच्या पत्राकडे गेले. त्यांनी ते मागून घेतले, चष्मा चढवून दोनदा वाचले. कर्ज कोणाचे, किती थकले, माणूस कुठे आहे, हे त्यांनी व्यापाऱ्याच्या नेमकेपणाने विचारले. उसने पैसे घेऊ नकोस, असे त्यांनीच सांगितले. "तो माणूस पेन्शन घेतोय ना? मग संस्थेनं आधी तिकडं बघावं. तू अर्ज दे."

सुहासने बिलबुकामागचा कोरा कागद दिला. विद्याने तिथेच, गल्ल्याच्या कोपऱ्यावर, मसुदा लिहायला घेतला: कर्जखात्याचा संपूर्ण उतारा मिळावा, मूळ कर्जदाराच्या निवृत्तिवेतनाचा व मालमत्तेचा तपशील घेऊन त्यांच्याविरुद्धची वसुलीची कारवाई विनाविलंब सुरू करावी, माझ्याकडून काही रक्कम वसूल झाल्यास करार कायद्याच्या कलम १४५ नुसार ती कर्जदाराकडून परत मिळवण्याचा माझा हक्क मी राखून ठेवीत आहे.

"कदम सरांच्या बायकोला वाईट वाटंल," दत्तूकाका हळूच म्हणाले. "तू त्यांच्या घरी जेवलीस की."

"वाटेल," विद्या म्हणाली. तिलाही वाईट वाटत होते, आणि लिहिणे चालूच होते.

शेवटी सवयीने तिने लिहिले, 'आपणास दिलेल्या तसदीबद्दल क्षमस्व'. कागद अण्णांकडे देण्यापूर्वी तिने ती ओळ वाचली, तिच्यावर आडवी रेघ मारली, आणि मग दुसरा कागद मागून घेऊन सगळा अर्ज नव्याने उतरवून काढला. अण्णांनी स्वच्छ प्रत ओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचली.

"बरा झालाय," ते म्हणाले. "खाली माफीची ओळ तेवढी राहिली."

"राहिली नाही, अण्णा. काढली," विद्या म्हणाली, आणि तिने सहीसाठी पेन उघडले.