चिडलेल्या ग्राहकाचा फोन: तिसऱ्या दिवसाचा पाठ

बसा सगळे. हेडफोन डोक्यावर चढवू नका, सध्या गळ्यातच राहू द्या. आजचा विषय एकच. शेतात सौर पंप बंद पडला आहे आणि फोनवरचे काका पेटलेले आहेत.

माणूस काहून चिडला, हे आधी ध्यानात घ्या. जानेवारीत वरुड-मोर्शीकडून फोन आला तर बहुतेक संत्र्याचा असतो. आंबिया बहारासाठी त्यानं झाडांना ताण दिलेला असतो. आता ताण तोडायला पाणी सोडायचं, आणि नेमका तेव्हाच पंप बसला. दिग्रस-दारव्ह्याकडून डिसेंबरात फोन आला तर हरभरा फुलावर आलेला असतो. सौर पंपाचं गणित तुम्हाला माहीत आहे, ऊन आहे तोवर पाणी. आजचं ऊन गेलं की आजचं पाणी गेलं, रात्री भरून निघत नाही. शिवाय तो आपल्याकडे पहिल्यांदा फोन करत नसतो. दुकानदाराला विचारून झालेलं असतं, फिटिंगवाल्या पोट्ट्याला चार फोन लावून झालेले असतात, त्यानं उचललेला नसतो. ते सगळं साचून तुमच्या कानात पडतं. तुमचा त्यात दोष नाही, पण ऐकून घेणं तुमच्याच वाट्याला आहे.

फोन उचलला की नाव सांगा आणि लगेच नंबर पक्का करा. हे बाकी ठिकाणी शेवटी करतात, आपण सुरुवातीला करायचं. शेतात रेंज नसते, तो बांधावर एका जागी उभा राहून बोलत असतो. अर्ध्यात फोन कटला आणि पुन्हा लावल्यावर त्याला दुसराच एजंट मिळाला, तर सगळी कथा त्याला पहिल्यापासून सांगावी लागते. मग तो दुप्पट तापतो. फोन पुष्कळदा भाच्याचा नाहीतर शेजाऱ्याचा असतो, म्हणून स्क्रीनवर दिसतो तोच नंबर धरून चालू नका. म्हणा माझ्यासोबत:

"काका, मध्येच फोन कटला तर मीच परत लावतो. याच नंबरवर लावू का?"

पोरींनो, तुम्ही "लावते" म्हणा. पुन्हा एकदा, सगळे मिळून. ठीक.

आता ऐकणं. पहिला एक-दीड मिनिट त्याचा आहे. मध्ये तोंड घालायचं नाही, आणि अगदी गप्पही राहायचं नाही. तुम्ही गप्प बसलात तर तो म्हणतो, "हॅलो, हॅलो, आहे का कोणी?" आणि तिथूनच आवाज चढतो. म्हणून दर दोन-तीन वाक्यांनी "हो काका", "बरं", "लिहून घेतो". "ओके, ओके" नको, त्यातून घाई दिसते. माइक ओठांपासून दोन बोटं दूर आणि जरा खाली, हनुवटीकडे ठेवा. समोर धरला की तुमचा श्वास त्याच्या कानात जातो, आणि त्याला वाटते तुम्ही उसासे टाकून राहिले.

त्याचं बोलणं थांबलं की प्रश्न विचारायचे नाहीत. इथंच सगळे चुकतात. कागदावर पहिला रकाना लाभार्थी क्रमांकाचा आहे म्हणून तुम्ही म्हणता, "सर, लाभार्थी क्रमांक सांगा." तो म्हणतो, "अबे, मी इतका वेळ काय सांगून राहिलो?" त्याचंच म्हणणं त्याला परत सांगा, त्याच्याच शब्दांत. तो म्हणाला "चार दिस", तर तुम्हीही चार दिवस म्हणा, "काही दिवसांपासून" म्हणू नका. तो म्हणाला हरभरा, तर हरभरा म्हणा, "पीक" नाही.

"म्हणजे चार दिवसांपासून पंप बंद आहे, हरभरा फुलावर आहे, आणि टेक्निशियन फोन उचलत नाही. बरोबर ऐकलं ना मी?"

तो "हाव" म्हणतो. कधी चिडूनच म्हणतो, पण म्हणतो. त्या "हाव"ची वाट पाहा. तो आल्याशिवाय पुढं जायचं नाही. काही राहिलं असेल तर तो स्वतःच भर घालतो, तेही लिहून घ्या.

मग माफी, एकदाच, आणि कशाची ते सांगून. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे छापील वाक्य इथं विसरा, कोणीही ऐकत नाही ते. म्हणा:

"चार दिवस तुम्हाला कोणी उत्तर दिलं नाही, हे चुकलंच आमचं."

एवढंच. कोणी सहा वेळा सॉरी म्हणतो, तर सहाव्या सॉरीला काका म्हणतात, "सॉरीनं पाणी येते का?" आणि टेक्निशियनवर ढकलू नका. "तो पोट्टा तसाच आहे" म्हणालात की त्याच्या लेखी अख्खं ऑफिस तसंच झालं.

काही शब्द जिभेवर येऊच द्यायचे नाहीत. "शांत व्हा" सगळ्यात वाईट, त्यातून त्याच्या रागावरच बोट ठेवलं जातं. "तसा नियमच आहे", "सिस्टीममध्ये दिसत नाही", "आमच्या हातात नाही" हेही नको. "सिस्टीममध्ये दिसत नाही" याऐवजी म्हणा, "स्क्रीनवर तुमची आधीची तक्रार मला सापडत नाही, मी आत्ता नवीन नोंदवतो." तेवढीच माहिती गेली, त्याला खोटं पाडलं नाही.

आवाजाचं थोडं. तो वर गेला की तुम्ही वर जायचं नाही, आणि एकदम कुजबुजायचंही नाही. त्याच्यापेक्षा एक पायरी खाली आणि थोडं सावकाश बोला. गोड हसरा आवाज चौकशीच्या फोनला ठीक आहे, इथं चालत नाही. ज्याचा हरभरा वाळून राहिला, त्याला तुमचं हसू टोचते. बोली त्याचीच ठेवा. तो वऱ्हाडीत बोलत असेल तर तुम्ही पुस्तकी कशाला बोलता? "सर" तर नकोच. वयानं मोठा वाटला तर काका, नाहीतर भाऊ. बाईमाणूस असेल तर ताई किंवा काकू. आवाजावरून वय ओळखता आलं नाही तर भाऊ, ताई म्हणा, चुकत नाही.

आता प्रश्न. त्यांच्याआधी परवानगी, त्यानं अर्धा राग उतरतो:

"पंप लवकर सुरू व्हावा म्हणून तीनच गोष्टी विचारतो, चालेल ना?"

मग विचारा, कंट्रोलरवर कोणता दिवा लागला आहे, स्क्रीनवर काय दिसते? पॅनलवर धूळ किंवा झाडाची सावली आहे का? विहिरीत पाणी किती आहे? या तिसऱ्या प्रश्नाला सांभाळा. पाणी खाली गेलं की कंट्रोलर पंप आपोआप थांबवतो, मोटर कोरडी फिरून जळू नये म्हणून. बंद पंपांच्या तक्रारीत हे नेहमी निघते. पण तुम्ही "तुमच्या विहिरीत पाणीच नाही" म्हणालात तर भांडण पक्कं. त्याच्या विहिरीची उणीव काढली ना तुम्ही! असं म्हणा:

"मोटर जळू नये म्हणून कंट्रोलरनं पंप थांबवला असेल. विहिरीत मोटरच्या वर किती पाणी आहे, पाहून सांगता का?"

गोष्ट तीच, पण आता कंट्रोलर त्याच्या बाजूनं उभा आहे. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. पॅनलच्या वायरी किंवा जोड ओढून पाहा, असं कोणालाही सांगायचं नाही, तो कितीही घाईत असो. स्विच बंद केला तरी उन्हात पॅनल वीज तयार करतच राहतात. जोड ओढला की ठिणगी उडते, शॉक बसतो. "काका, त्याला हात लावू नका, ते टेक्निशियनचं काम" एवढंच म्हणायचं. ओटीपी, आधारचा पूर्ण नंबर हे तर कधीच मागायचं नाही.

होल्डवर टाकायचं असेल तर विचारून, वेळ सांगून, आणि सांगितलेल्या वेळेच्या आधी परत या:

"एक मिनिट लागेल, थांबता का? नाहीतर मी माहिती काढून परत फोन करतो."

मिनिटभरात काम झालं नाही तरी परत या आणि सांगा, "अजून पाहतोच आहे." म्युट दाबून शेजारच्याशी बोलू नका. म्युट कधी लागते, कधी लागत नाही, आणि "हा काका लय डोकं खाते" एवढं वाक्य गेलं की पुढं काही उरत नाही.

आता वचन. "उद्या टेक्निशियन येईल" असं म्हणायचं नाही. तो तुमच्या हातात नाही, त्याची गाडी बंद पडते, त्याच्याकडे आधीच पाच गावं असतात. जे तुमच्या हातात आहे तेच द्या:

"आज 4 वाजेपर्यंत मी स्वतः फोन करतो आणि टेक्निशियन कधी येणार ते सांगतो."

मग 4 ला फोन करायचाच. उत्तर मिळालं नसेल तरी करायचा: "अजून पक्कं झालं नाही, उद्या सकाळी 10 ला परत सांगतो." न केलेल्या फोननं तो जितका चिडतो, तितका बंद पंपानंही चिडत नाही. टेबलावरच्या वहीत वेळ आणि नंबर लिहा, डोक्यात ठेवू नका.

तक्रार क्रमांक एकेक अंक सांगा, तीन-तीन करून. 418072 असेल तर "चार, एक, आठ", थांबा, त्यानं म्हणू द्या, मग "शून्य, सात, दोन". एकोणसाठ-एकोणसत्तर असं जोडून बोललात तर खराब लाइनवर घोटाळा होतोच. आधी विचारा, पेन आहे का. शेतात कुठला पेन? मग मेसेज पाठवा आणि तो आला का ते फोनवरच विचारा.

शिव्यांचं. रागात एखादा शब्द निघतो, तो पंपाला असतो, जाऊ द्या. तुमच्यावर आला, आईबहिणीवरून आला, की सांगा:

"काका, तुमचं काम मी करणारच आहे. असं बोलू नका."

दुसऱ्यांदा आला: "पुन्हा असं बोललात तर मला फोन सुपरवायझरकडे द्यावा लागेल." तिसऱ्यांदा आला की द्या, आणि वेळेसह नोंद करा. पोरींनो, तुमच्याशी कोणी भलतंच बोललं तर तीनची वाट पाहू नका, पहिल्यालाच हात वर करा. सुपरवायझरकडे देताना त्याला एका वाक्यात सगळं सांगा: "वानखडे काका, चार दिवस बंद, हरभरा, दोन तक्रारी आधीच." म्हणजे काकांना चौथ्यांदा पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.

असा फोन ठेवला की लगेच पुढचा उचलू नका. अर्धा मिनिट घ्या, पाणी प्या. पुढच्या माणसानं काही केलेलं नसते, पण तुमचा आवाज अजून तापलेला असतो.

चला, जोड्या करा. खिडकीकडची रांग काका, भिंतीकडची एजंट. काकांनी पहिला एक मिनिट थांबायचं नाही, वऱ्हाडीतच चिडायचं, लाजायचं नाही. एजंटनं "हाव" येईपर्यंत एकही प्रश्न विचारायचा नाही. विचारला तर फोन पहिल्यापासून. घाला हेडफोन.