दुकानाचं नवीन हेडिंग आणि इंट्रो

मामा, जुनं काढलंय. "बेस्ट तांब्याची भांडी नाशिक, स्वस्त तांब्याची भांडी नाशिक, पितळेची भांडी नाशिक दुकान" हे हेडिंग, आणि खाली चार ओळीत नाशिक अकरा वेळा! गुगल असल्या भरतीला स्पॅम धरतं ते सोडाच, पण गिऱ्हाईकाला वाचून काय कळणार. आणि गंमत म्हणजे दुकानात येणारी निम्मी माणसं जे विचारतात ती कल्हई, ती कुठेच नव्हती. आता हे टाका.

हेडिंग:
नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेची भांडी, कल्हईसुद्धा इथेच

इंट्रो:
आजीच्या घरचं पितळेचं पातेलं माळ्यावर काळं पडून आहे? घेऊन या. भांडं तापवून आत नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतलं की दोन मिनिटात आतून चांदीसारखं लख्ख, आणि हे सगळं तुमच्यासमोर होतं, भांडं ठेवून जा उद्या या असं नाही.

नवीन घ्यायचं असेल तर रोजच्या स्वयंपाकाला कल्हईची पितळेची पातेली आणि पराती, पाण्याला तांब्याचे हंडे, कळशा, तांबे, पूजेला समई, ताम्हण, पळी-पंचपात्र, आणि हो, तांब्याचा बंबसुद्धा मिळतो, अजून मागणी आहे त्याला. पितळेची भांडी आम्ही वजनावर देतो, काटा तुमच्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. हलकं भांडं स्वस्त पडतं पण त्याला लवकर पोचे पडतात, म्हणून स्वयंपाकाला जरा जाड बुडाचंच घ्या असं आम्ही सांगतो, मग भले विक्री थोडी कमी होवो.

एक मात्र पक्कं, तांब्याच्या भांड्यात ताक, लिंबू, चिंचेचं काही ठेवू नका. कल्हई गेलेल्या पितळेतही नाही. पाणी ठेवा, बाकी कशाला नको.

रामकुंडावर आलेले यात्रेकरू गोदावरीचं पाणी न्यायला छोटे झाकणाचे तांबे घेतात, ते पण ठेवतो. रविवार कारंजापासून चालत या, गल्ली अरुंद आहे, चारचाकी आत घालू नका, मागे घेताना घाम फुटेल. सकाळी 10 ते रात्री 8, सोमवारी बंद.

मामा, "तांब्याची भांडी" हा शब्द यात एकदाही जसाच्या तसा नाहीये, हेडिंगात "तांब्या-पितळेची भांडी" आहे, खाली हंडे-कळशा आहेत, तेवढं पुरे. परत कुठे चिकटवू नका. आणि "बेस्ट" कुठेही घालायचं नाही, मामींना सांगून ठेवलंय मी.