ओटीपी विचारणारा फोन आला? बोलत बसू नका, ठेवून द्या

आपल्या ग्रुपमधल्या सगळ्या काका-काकूंना, मामा-मामींना आणि आजी-आजोबांना नमस्कार. हे शांतपणे वाचा. घरात कोणाला बारीक अक्षरं दिसत नसतील, तर मोठ्यानं वाचून दाखवा.

बँकेतून बोलतो असं सांगून कोणी फोनवर ओटीपी विचारला, तर तो माणूस बँकेचा नाही. तुमचं नाव, पत्ता, खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर सांगितले तरी नाही. साहेबासारखा बोलला तरी नाही, ‘आई, मी तुमच्या मुलासारखा’ म्हणाला तरी नाही.

मी बँकेत काउंटरवर काम करून निवृत्त झाले आहे, म्हणून हे खात्रीनं सांगते. ओटीपी बँकेच्या संगणकातून निघून थेट तुमच्या मोबाईलवर येतो. तो तुम्ही स्वतः सुरू केलेल्या कामासाठी, तुम्हीच टाकायचा असतो. पैसे काढायच्या स्लिपवर तुमची सही असते, तसाच हा आकडा. सही तुमची आणि स्लिप अनोळखी माणसानं भरलेली, असं चालेल का? कधीकधी शाखेत समोर बसून केवायसी करताना मोबाईलवर आलेला आकडा लागतो. ते काम तुमच्या डोळ्यांसमोर, बँकेच्या टेबलावर होतं. फोनवर ते होत नाही.

मानेवाड्याकडे राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या काकांसोबत काय झालं, ते सांगते. काका निवृत्त शिक्षक, हिशेबात पक्के, पासबुक दर महिन्याला भरून आणणारे. दुपारी जेवण झाल्यावर फोन आला. समोरचा हिंदीत म्हणाला, “सर, आपका जीवन प्रमाण पत्र रिजेक्ट हो गया है, आज अपडेट नहीं किया तो पेन्शन रुक जाएगी.” त्यानं काकांचं पूर्ण नाव सांगितलं, पेन्शन कोणत्या बँकेत येते तेही सांगितलं. काका म्हणाले, “मी उद्या शाखेत येतो.” तो म्हणाला, शाखेत आता हे काम होत नाही, फोन ठेवू नका, ठेवला तर फाईल बंद होईल.

इथंच ओळखायचं. खरा बँकवाला ‘शाखेत या’ म्हणतो. ठग तुम्हाला शाखेत जाऊ देत नाही, फोन ठेवू देत नाही, कोणाला विचारूही देत नाही.

काकांनी पहिला ओटीपी सांगितला. दुसरा आला तेव्हा काकू चष्मा लावून बाजूला येऊन बसल्या होत्या. त्यांनी मोबाईल हातात घेऊन मेसेज पूर्ण वाचला. तो असा होता:

```
482917 is your OTP for txn of Rs 24,500.00. Do not share it with anyone.
```

काकू म्हणाल्या, “अहो, यात तर चोवीस हजार पाचशे लिहून आहे! पेन्शनच्या कागदाले पैसे कायले लागते?” समोरच्यानं ते ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, वो सिस्टम का नंबर है, घबराइए मत.” काकूंनी फोन कापून टाकला. पहिल्या ओटीपीवर पैसे गेले होते, दुसऱ्यावर वाचले. लगेच 1930 ला फोन केला, म्हणून पहिली रक्कमही पुढच्या खात्यात अडकवता आली. ती परत मिळायची प्रक्रिया अजून सुरू आहे.

काकांना मी एका शब्दानंही दोष देत नाही, तुम्हीही देऊ नका. ही माणसं दिवसभर हेच काम करतात. कोणाला कसं घाबरवायचं, हे त्यांना पाठ असतं.

काकूंनी जे केलं, ते मात्र सगळ्यांनी शिकून घ्या. ओटीपीचा मेसेज आला की नुसते सहा आकडे पाहू नका, पूर्ण ओळ वाचा. त्यात बहुतेक वेळा रक्कम किंवा कामाचं नाव असतं. Rs दिसलं, txn किंवा payment दिसलं, म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे बाहेर जायची तयारी झाली आहे. Do not share म्हणजे ‘कोणालाही सांगू नका’. बँकेनं हे त्याच मेसेजमध्ये लिहून दिलं आहे आणि ‘कोणालाही’ मध्ये बँकेचे लोकही आले. इंग्रजी समजत नसेल, तर मेसेज तसाच ठेवा आणि घरच्या माणसाला दाखवा. तोवर ओटीपीची मुदत संपली तर चांगलंच झालं.

एक गोंधळ बरेच जण विचारतात, तो इथंच मिटवते. गॅस सिलिंडर आणणारा मुलगा दारात कोड मागतो, मग तोही द्यायचा नाही का? तो द्या. पण सिलिंडर दारात आल्यावर, आणि मेसेज गॅस एजन्सीचाच आहे हे पाहून. सिलिंडर न आणता कोणी फोनवर कोड मागितला, तर देऊ नका.

आता फोन कोणकोणत्या नावानं येतात, ते पाहा. ‘केवायसी संपली, खातं बंद होणार’ हे सर्वांत जुनं. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याचं सुरू होतं, कारण पेन्शनवाल्यांना तेव्हा काळजी असते हे त्यांना माहीत असतं. ‘कार्डावर बक्षिसाचे पॉइंट जमले, आज वापरा’ असंही सांगतात. विजेच्या बिलाचा मेसेजही येतो, ‘आज रात्री लाईन कापणार, या नंबरवर फोन करा’ म्हणून. फोन केला की तिथूनही गाडी ओटीपीवरच येते. काही जण तर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतात. आपल्या संविधान चौकातली रिझर्व्ह बँक आपण येता-जाता पाहतो. तिथं तुमचं-माझं बचत खातं नसतं, मग ती ते बंद करायला फोन कशाला करेल?

ओटीपी हा शब्दसुद्धा न उच्चारता तो काढून घेणारे आहेत, त्यांच्यापासून जास्त जपा.

एक जण म्हणतो, “तुमच्या ओळखीचा दुसरा फोन येतोय, तो आपल्या फोनला जोडा.” तो दुसरा फोन बँकेचा असतो, त्यात मशीन ओटीपी बोलून सांगते आणि ठग तो ऐकतो. म्हणून अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून दोन फोन जोडू नका. दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेच्या चिन्हाची फाईल पाठवतो, नावाच्या शेवटी `.apk` असतं. ती उघडून बसवली की तुमचे मेसेज त्याला तिकडे दिसू शकतात, मग विचारायची गरजच उरत नाही. तिसरा मदत करतो म्हणून मोबाईलची स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतो. चौथा `*401*` ने सुरू होणारा नंबर लावायला सांगतो. त्यानं तुमचे फोन त्याच्याकडे वळू शकतात आणि मग बोलून सांगितलेला ओटीपीही त्याच्याकडेच जातो. यातलं काहीही कोणी फोनवरून करायला सांगितलं, तर करू नका.

यूपीआयचा पिनही असाच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. ‘पैसे पाठवले आहेत, पिन टाकून घ्या’ हे सरळ खोटं आहे.

फोन खरा की खोटा, हे नंबरवरून ठरवायला जाऊ नका. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2025 मध्ये बँकांना व्यवहाराच्या फोनसाठी 1600 ने सुरू होणारे क्रमांक वापरायला सांगितलं आहे. साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून कोणी बँकेचं नाव सांगितलं, तर तिथंच संशय घ्या. पण स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं, चिन्ह दिसलं किंवा 1600 दिसलं, तरी ओटीपी सांगायचा नाही.

कोणाला नाही म्हणायला जड जातं. आपली पिढी दारात आलेल्यालाही पाणी विचारणारी. त्यांच्यासाठी एक वाक्य देते, हे पाठ करा: “मी शाखेत येऊन बोलते.” पुरुष मंडळींनी “येऊन बोलतो” म्हणावं. एवढं बोलून फोन ठेवायचा, पुढचं ऐकायला थांबायचं नाही. मनात शंका राहिली, तर एटीएम कार्डाच्या मागे किंवा पासबुकवर छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. गुगलवर नंबर शोधू नका, तिथं ठगांनी आपले नंबर टाकून ठेवलेले सापडतात. आलेल्या नंबरवर उलट फोन तर अजिबात नको.

चुकून सांगितला गेलाच, तर घरच्यांपासून लपवू नका आणि ‘आता उद्या पाहू’ म्हणू नका. सर्वांत आधी 1930 लावा. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पटापट फिरवतात आणि मग काढून घेतात. तो काढण्याआधी कळवलं, तरच बँकांना अडवता येतो. कोणत्या खात्यातून, किती, किती वाजता गेले, एवढं हाताशी ठेवा. तिकडून तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो कागदावर लिहून घ्या. 1930 लागत नसेल, तर `cybercrime.gov.in` वर मुलाकडून किंवा नातीकडून तक्रार भरून घ्या.

त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसानं बँकेला फोन लावून कार्ड आणि खात्याचे ऑनलाईन व्यवहार बंद करायला सांगावं. याला कायद्याचंही कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटलं आहे की ग्राहकानं स्वतःच गुप्त माहिती सांगितली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर होणारं बँकेचं. म्हणून नुसतं बोलून थांबू नका, तक्रार नंबर मागा आणि वेळ लिहून ठेवा. तुम्ही कोणालाच काही सांगितलं नसताना, बँकेचीही चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले असतील, तर मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवा. मग नुकसान तुमच्यावर येत नाही. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत.

ठगाचे मेसेज आणि फोनची यादी मोबाईलमधून पुसू नका. पोलिसांना ते लागतात. नागपूर शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जाताना पासबुक आणि तोच मोबाईल सोबत न्या.

मुलांना आणि सुनांनाही एक विनंती. या रविवारी आई-बाबांच्या मोबाईलमध्ये 1930 आणि त्यांच्या बँकेचा खरा नंबर मोठ्या नावानं सेव्ह करून द्या. कार्डाची आणि यूपीआयची रोजची मर्यादा गरजेपुरती कमी करून द्या. आणि कधी फसले, तर रागावू नका. ओरडा बसेल या भीतीनं किती तरी म्हातारी माणसं सांगतच नाहीत आणि तेवढ्यात पैसे निघून जातात.

तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. “सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मिळाले, परत पाठवायला थोडी फी भरा, आलेला ओटीपी सांगा.” हा पोलीस नाही, हाही ठगच. त्याला काही सांगू नका, नंबर लिहून घ्या आणि तुमची तक्रार जिथं आहे त्या ठाण्यात कळवा.