ग्रुपचे नियम. आधी हे वाचा, मग बोला 🙏

नमस्कार मंडळी, सगळ्यांचं स्वागत. कालपासून आपण ११८ जण झालोय. जुन्या ग्रुपवरचे बरेच जण इकडे आलेत आणि "परत नवीन ग्रुप कशाला काढला?" हे मला कालच्या दिवसात नऊ जणांनी विचारलंय, म्हणून आधी तेच सांगतो.

२०२१ चा जुलै आठवतोय ना. रात्री पावणेअकराला आपल्याच गल्लीतल्या एकाने जुन्या ग्रुपवर टाकलं होतं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरकडं पाणी शिरलंय, खालच्या मजल्यावरच्यांनी सामान उचलायला घ्या. मेसेज चांगला, वेळेवर टाकलेला. पण त्याच दिवशी कुणाचा तरी वाढदिवस होता, त्यामुळं त्याच्यावर केक, फुगे, "जन्मदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा", एक प्लॉटची जाहिरात आणि कुणीतरी टाकलेला काढ्याचा व्हिडिओ असं सगळं येऊन पडलं. कोपऱ्यावरच्या आजींच्या घरात तो मेसेज कुणी बघितला तर सकाळी सहाला, तेव्हा फ्रिज आणि गहू दोन्ही गेलेले. आजी अजून सांगतात, "एवढे मोबाईल घेऊन बसता, एकाला तरी हाक मारता आली नाही होय?" त्याला माझ्याकडं उत्तर नाही. त्या वाढदिवसाच्या गर्दीत माझाही एक केक होता.

तर हा ग्रुप गल्लीच्या कामासाठी आहे. पाणी कधी येणार, लाइट का गेली, घंटागाडी आली का, ड्रेनेज तुंबलं, किल्ली सापडली, कुत्रं हरवलं, प्लंबरचा नंबर पाहिजे, गणपतीची मीटिंग, हे सगळं बिनधास्त टाका. मराठी शुद्ध पाहिजे असं काही नाही, चुकलं तर चुकलं, कळल्याशी मतलब.

आता स्पॅमचं. हे जरा कडक आहे, आधीच सांगतो म्हणजे नंतर राग नको.

*गुड मॉर्निंग, गुड नाइट, सुविचार, देवाचे फोटो, "११ जणांना पाठवा" वगैरे बंद.* देवाला माझा विरोध नाही, मीपण दर संकष्टीला गणपती मंदिरात जातो, पण बाप्पा मेसेजमुळं पावत नाही. ज्याला शुभेच्छा द्यायच्यात त्याला पर्सनल करा नाहीतर सरळ घरी जा, चहा तरी मिळेल. दुःखाची बातमी असेल तर अंत्यविधीची वेळ आणि ठिकाण एकच मेसेज, खाली ११८ वेळा श्रद्धांजली नको, हात जोडलेली रिॲक्शन द्या, घरच्यांना पोचते.

*लोन, ट्रेडिंग टिप्स, घरबसल्या कमवा, बेटिंग ॲप, चेन मार्केटिंग:* एकदा टाकलं की मेसेज डिलीट आणि मी पर्सनलवर सांगणार, दुसऱ्यांदा टाकलं की काढणार. विचारणार नाही. नातं बघणार नाही. काल ग्रुप सुरू होऊन चार तास झाले नव्हते तर पहिली विकेट माझ्या सख्ख्या मेव्हण्याची पडलीय, त्याने एकदा सांगूनसुद्धा परत टाकलं. घरात वातावरण काय आहे ते विचारू नका.

*.apk फाइल:* याला पहिली वॉर्निंग पण नाही, दिसली की माणूस लगेच बाहेर. कारण तशी फाइल आली म्हणजे बहुतेक वेळा त्या माणसाने पाठवलेलीच नसते, त्याचा फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. लग्नपत्रिका म्हणून येते, गाडीचं चलन म्हणून येते, बँकेचं केवायसी म्हणून येते. खरी पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, पत्रिका बघायला ॲप इन्स्टॉल करावं लागत नाही ओ. चुकून इन्स्टॉल झालीच तर आधी फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे परत मिळायचे चान्स कमी. लाजू नका, शिकलेली माणसं पण फसतात. ज्याला काढलं असेल त्याला मी स्वतः फोन करणार आणि फोन नीट झाला की परत घेणार. आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, मी मागितला तरी नाही, मी मागितला तर समजा माझा फोन गेलाय.

धंद्याच्या जाहिरातीचं बघा, गल्लीतल्या माणसाला गल्लीने गिऱ्हाईक द्यायचं नाही तर कुणी द्यायचं. भडंग, पापड, मोदकाची ऑर्डर, शिकवणी, ब्लाउज शिवणं, सगळ्याला *रविवार* दिलाय. एक माणूस, एक मेसेज, एक फोटो, रेट लिहून. "रेटसाठी इनबॉक्स करा" नको. प्लॉटवाल्यांना रविवार पण नाही, सॉरी.

राजकारण नको. निवडणूक महापालिकेची असो नाहीतर दिल्लीची, इथं कुणाचं बॅनर नको. नगरसेवकाला रस्त्याचं विचारायचं असेल तर विचारू की, सगळे मिळून जाऊ. जात-धर्मावरून वाकडं बोललेलं मी एकदाही खपवून घेणार नाही.

फॉरवर्डवर दोन बाण दिसले की समजायचं हे लई फिरून आलंय, जरा थांबा. रक्ताची गरज असा मेसेज आला तर टाकायच्या आधी खालच्या नंबरला एक फोन लावा, पेशंट कधीच घरी गेलेला असतो आणि मेसेज गावभर फिरत असतो. गरज खरी असेल तर तारीख-वेळ घालून टाका, काम झालं की डिलीट करा.

आणि आता पावसाळा. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका, हे आपल्याला पाठच आहे. पण दरवर्षी कुणीतरी २०१९ चा फोटो "आत्ताचा" म्हणून टाकतं आणि अर्धी गल्ली ट्रॅक्टर शोधत सुटते. म्हणून पाण्याचा फोटो स्वतः काढलेलाच टाका, किती वाजता, कुठनं, हे लिहा. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे प्रशासनाचं असेल तरच. पातळी ४० च्या जवळ आली की ग्रुप *ओन्ली ॲडमिन* करणार, मी आणि गिरणीवाले काका दोघंच टाकणार, तेव्हा "मला का बोलू देत नाही" म्हणून भांडू नका. काही कळवायचं असेल तर आम्हाला डायरेक्ट फोन, रात्री तीनला पण चालेल.

एरवी रात्री १० ते सकाळी ६ शांतता, अर्जंट सोडून. व्हॉइस मेसेज एक मिनिटाच्या आत. ग्रुपमधला कुणाचा नंबर बाहेर देऊ नका, पोरींचे-लेकरांचे फोटो न विचारता टाकू नका, नवीन माणूस घ्यायचा तर मला सांगा. माझं काही चुकतंय वाटलं तर फोन करा नाहीतर संध्याकाळी पारावर असतोच, पण ग्रुपवर तासभर वाद नको.

एक काम सगळ्यांनी आज करा. तुमच्या घरात तळमजल्यावर कोण राहतं, म्हातारं माणूस किंवा आजारी कुणी आहे का, आणि फोन न उचलल्यास कुणाला सांगायचं, हे मला *पर्सनलवर* पाठवा. यादी वहीत लिहून एक गिरणीत आणि एक माझ्याकडं ठेवतोय, कारण पुरात लाइट जाते आणि चार्जिंग संपतं. कोपऱ्यावरच्या आजींचं नाव पहिलं लिहिलंय, त्यांच्याकडं मोबाईल नाही, त्यांना हाक मारायची माझी जबाबदारी.

वाचून झालं असेल तर या मेसेजला अंगठा द्या. खाली "ओके ॲडमिन" लिहायचं नाही 😄