ज्ञापन: कर्तव्यावर वारंवार उशिरा हजर होण्याबाबत लेखी ताकीद

अधिसेविका कार्यालय, जिल्हा रुग्णालय
दिनांक : १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
श्रीमती जाधव, अधिपरिचारिका,
पुरुष शस्त्रक्रिया कक्ष

सकाळपाळीची वेळ ८ ते २ असताना आपण पुढील दिवशी उशिरा हजर झालात : ४ ऑगस्ट (८.२५), ७ ऑगस्ट (८.२०), २८ ऑगस्ट (८.३०), १ सप्टेंबर (८.३५), ९ सप्टेंबर (८.२८) आणि १२ सप्टेंबर (८.४५). या वेळा बायोमेट्रिक नोंदीवरून घेतल्या आहेत. ९ सप्टेंबरला यंत्र बंद होते, म्हणून त्या दिवशीची वेळ परिसेविकांच्या वहीतील आहे. १९ ऑगस्टला पावसामुळे एसटी बंद होती व इतरही परिचारिका उशिरा आल्या, त्यामुळे तो दिवस धरलेला नाही.

८ ऑगस्टला मी आपल्याशी बोलले होते. मुलाचे पाळणाघर आठ वाजता उघडते व पती बाहेरगावी नोकरीला आहेत, असे आपण सांगितले. ही अडचण खरी आहे. म्हणूनच दुपारपाळी देऊ केली होती. 'सकाळचीच जमवते' असे आपण म्हणालात. २९ ऑगस्टला परिसेविकांनी पुन्हा तोंडी समज दिली, तिची नोंद वहीत आहे.

१२ सप्टेंबरचा प्रकार गंभीर आहे. रात्री आठपासून उभ्या असलेल्या परिचारिकेला ओव्हर देण्यासाठी पाऊण तास थांबावे लागले. त्याच वेळी हर्नियाच्या रुग्णाला शस्त्रक्रियागृहात पाठवायचे होते. संमतीपत्र, रक्तशर्करा, पूर्वतयारीचे इंजेक्शन हे सगळे तिनेच बारा तासांच्या ड्यूटीनंतर पाहिले. रुग्णाला काही झाले नाही. पण थकलेल्या हाताकडून अशा वेळी चूक झाली असती, तर ती एकट्या तिच्या माथी मारणे मला मान्य झाले नसते.

आपल्या कामाबद्दल तक्रार नाही. ड्रेसिंगमधील आपली स्वच्छता आणि नातेवाइकांशी बोलण्याची पद्धत मी राउंडला स्वतः पाहिली आहे. ही ताकीद केवळ वेळेबाबत आहे.

२२ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर आपली ड्यूटी दुपारी २ ते ८ लावली आहे. ओव्हर घेता यावी म्हणून १.५० पर्यंत कक्षात यावे. उशीर होणार असेल तर पाळी सुरू होण्याआधी परिसेविकांना फोन करावा. व्हॉट्सॲपवरचा निरोप पुरेसा नाही. २२ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजता माझ्या कार्यालयात एकत्र आढावा घेऊ. तोवर विनाकारण उशीर पुन्हा झाल्यास महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार पुढील कार्यवाहीसाठी प्रकरण जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवावे लागेल.

वरील एखादी नोंद चुकीची वाटत असल्यास किंवा आपले म्हणणे मांडायचे असल्यास सात दिवसांत लेखी द्यावे. ते या पत्रासोबत फाइलला लावले जाईल. दुसऱ्या प्रतीवरची सही ही केवळ पोच आहे, मजकूर मान्य असल्याची कबुली नव्हे.

अधिसेविका,
जिल्हा रुग्णालय

प्रत : १) परिसेविका, पुरुष शस्त्रक्रिया कक्ष २) वैयक्तिक नस्ती